नकाराच्या पत्रात दुसऱ्याचं नाव

दिवाळी संपली की गावोगावच्या वाचनालयांचे फोन सुरू होतात. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज तालुक्याच्या गावातही तीन, पाच किंवा सात दिवसांची एखादी व्याख्यानमाला असतेच. तिचा मोसम बहुधा थंडीचा. शेतीची घाई थोडी उरकलेली असते, शाळांच्या परीक्षा अजून लांब असतात आणि संध्याकाळी साडेसहाला माणसं घराबाहेर पडायला तयार असतात. मी भूजलाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या आमंत्रणांचा विषय ठरलेला: पाणी. मार्च आला की 22 तारखेच्या जागतिक जलदिनासाठी एकाच दिवसाची आमंत्रणं चार ठिकाणांहून येतात. म्हणजे काही आमंत्रणं नाकारावी लागणार हे कॅलेंडरच सांगतं. नकार कसा द्यायचा, आणि तो देताना दुसऱ्या कुणाचं नाव सुचवायचं असेल तर ते कसं, यावर मी बराच विचार केला आहे. मला जे कळलं ते एका आमंत्रणाच्या निमित्ताने सांगते.

आमंत्रण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं होतं. कार्यवाहांचा फोन आला. निवृत्त मुख्याध्यापक, बोलणं अतिशय आर्जवी. ‘मॅडम, यंदाच्या मालेतलं चौथं पुष्प तुम्ही गुंफायचं. समितीने तुमचं नाव एकमताने ठरवलंय. विषय आहे, कोकणातली पाणीटंचाई आणि उपाय. नाही म्हणायचं नाही.’ व्याख्यानमालेची भाषा ज्यांना ठाऊक आहे त्यांना इथे काय घडलं ते लगेच कळेल. इथे प्रत्येक व्याख्यान हे ‘पुष्प’ असतं, आणि बहुतेक पुष्पांमागे एक कुटुंब असतं, ज्याने आपल्या दिवंगत आईवडिलांच्या स्मरणार्थ त्या दिवसाचा खर्च उचललेला असतो. चौथं पुष्प एका आजींच्या नावाने होतं. त्यांचा मुलगा मुंबईला नोकरीला होता. आपल्या वाडीवरच्या बायकांना एप्रिल-मे मध्ये डोक्यावरून पाणी आणावं लागतं, म्हणून पाण्यावरचं व्याख्यान व्हावं ही त्याची इच्छा होती. म्हणजे वक्ता कोण असावा याबद्दल समितीच्या बाहेरही एका माणसाचं मत होतं. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला.

माझ्या वहीत ती तारीख मोकळी होती. गाव सुंदर, माणसं प्रेमळ, होकार द्यायला काहीच हरकत नव्हती, एक गोष्ट सोडून. माझं सगळं काम मराठवाड्यात आणि नगरच्या पूर्व भागात झालेलं आहे. तिथे काळ्या पाषाणाचे थरावर थर असतात. पाणी वरच्या कुजलेल्या खडकात आणि फटींमध्ये साठतं, विहिरीला पाझर कोणत्या थरातून आहे ते उतरून बघता येतं. कोकणातले सडे, म्हणजे माथ्यावरची सपाट पठारं, जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस पडला की पाणी त्यात झटकन मुरतं आणि खालच्या चिकणमातीच्या थरावर अडून उतारावरच्या झऱ्यांमधून तितक्याच लवकर बाहेर पडतं. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होऊनही तिथल्या वाड्या मे महिन्यात टँकरची वाट बघतात, त्याचं हे एक मोठं कारण. आमच्याकडे जो उपाय लागू पडतो, तो तिथे केला तर मुरवलेलं पाणी काही दिवसांत डोंगराच्या पोटातून बाहेर पडून वहाळाला मिळण्याची शक्यता मोठी. मी पुस्तकं चाळून तासभर नक्कीच बोलू शकले असते. टाळ्याही मिळाल्या असत्या. पण प्रश्नोत्तरांत कुणी उठून ‘आमच्या वाडीच्या वरच्या सड्यावर चर खणले तर झरा टिकेल का?’ असं विचारलं असतं, तर त्या माणसाच्या हाती मी काहीच देऊ शकले नसते. आणि व्याख्यानाला तो माणूस त्याच एका प्रश्नासाठी आलेला असतो.

म्हणून नाही म्हणायचं ठरवलं. आता कसं म्हणायचं?

आपल्याकडे नकाराचा राजमार्ग म्हणजे तारीख. ‘त्या दिवशी नेमका बाहेरगावी आहे हो.’ कुणी दुखावत नाही, कुणी वाद घालत नाही. काहीजण तर तेवढंही करत नाहीत. ‘बघते, कळवते’ म्हणून ताकास तूर लागू देत नाहीत आणि पुढे फोन उचलणं बंद करतात. आयोजकाच्या दृष्टीने हा सगळ्यात वाईट नकार, कारण पत्रिका छापायला टाकायची असते, स्थानिक वर्तमानपत्राला बातमी द्यायची असते, फ्लेक्सवर फोटो लावायचा असतो. एक नाव अडकलं की सगळी पत्रिका अडकते. त्यामुळे एक-दोन दिवसांत स्पष्ट उत्तर, हे मी नकाराचं पहिलं सौजन्य मानते. गोड शब्द त्यानंतर.

पण तारखेच्या सबबीत दुसरी एक खोट आहे, आणि दुसऱ्याचं नाव सुचवायचं असेल तर ती फार महागात पडते. तारीख जमत नाही असं सांगितलं की आयोजक मोठ्या मनाने म्हणतो, ‘मग तुम्ही सोयीची तारीख सांगा, आम्ही पुष्प पुढेमागे करतो.’ आता पुन्हा नाही म्हणायचं तर दुसरी सबब हवी. आणि समजा त्याने तारीख बदलली नाही, तुम्ही सुचवलेलं नाव घेतलं, तरी त्या नावाची जागा ठरून गेलेली असते. ‘मॅडमना वेळ नव्हता, म्हणून यांना बोलावलं.’ हे वाक्य समितीच्या बैठकीत बोललं जातं, पाहुण्यांना आणायला गेलेल्या गाडीत बोललं जातं आणि कधीकधी प्रास्ताविकात, माइकवरही बोललं जातं. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण जी व्यक्ती व्यासपीठावर बसलेली आहे, ती त्या क्षणी बदली खेळाडू झालेली असते.

कारण विषयाचं दिलं की सगळं पालटतं. ‘तुमच्या गावच्या पाण्याचा अभ्यास माझा नाही, तो अमुक यांचा आहे’ असं म्हटलं की सुचवलेलं नाव पहिल्या पसंतीचं होतं आणि माझं नाव हा आयोजकाचा थोडा चुकलेला पत्ता ठरतो. व्यासपीठावर तिला कुठल्या मानाने बसवलं जाईल, हे माझ्या नकाराच्या एका वाक्यावर ठरत असतं. म्हणून दुसऱ्याचं नाव सुचवताना मी खरं कारण सांगते. जिथे खरं कारण खरोखरच तारखेचं असतं तिथेही, सुचवलेली व्यक्ती त्या विषयाला माझ्याइतकीच किंवा जास्त योग्य का आहे, ते तारखेच्या आधी लिहिते.

कार्यवाहांना मी फोनवर इतकंच म्हटलं, ‘सर, या विषयाला माझ्यापेक्षा योग्य माणूस तुमच्याच जिल्ह्यात आहे. मला उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या. मी त्यांना विचारून तुम्हाला लेखी कळवते. मी स्वतः या विषयावर बोलणार नाही, हे मात्र आजच सांगून ठेवते.’ शेवटचं वाक्य मुद्दाम. ते नसतं तर समोरच्याने ‘म्हणजे मॅडम विचार करतायत’ असा अर्थ काढला असता आणि माझं नाव कच्च्या यादीत पेन्सिलीने राहिलं असतं.

माझ्या मनात जे नाव होतं ते तिथल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या बाईंचं. गेली काही वर्षं त्या विद्यार्थ्यांना घेऊन आसपासच्या वाड्यांमधले झरे मोजत आहेत. पद्धत अगदी साधी. झऱ्याच्या धारेखाली दहा लिटरची बादली धरायची आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते बघायचं. चाळीस सेकंद लागले तर मिनिटाला पंधरा लिटर, म्हणजे दिवसाला 21,600 लिटर. जल जीवन मिशनने माणशी दिवसाला 55 लिटर धरलेत. त्या हिशेबाने, टाकीत साठवलं तर हा एवढासा झरा जवळपास चारशे माणसांना पुरतो. हेच मोजमाप नोव्हेंबरात, फेब्रुवारीत आणि मे मध्ये केलं की कोणता झरा टिकतो आणि कोणता आटतो ते कळतं. एका छोट्या बैठकीत बाई हे सांगत असताना मी ऐकलं होतं. कागद हातात नव्हता, बोलणं मालवणीच्या वळणाचं, आणि समोरच्या बायका मान डोलावत होत्या. त्यांचं नाव कुठल्याही व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर मी पाहिलेलं नव्हतं.

कुणाचंही नाव सुचवण्याआधी त्या माणसाला मी ऐकलेलं असलं पाहिजे, ही माझी अट आहे. लेख वाचलेला असणं पुरत नाही. उत्तम लिहिणारी माणसं माइकसमोर कागदात डोकं घालून वाचत बसतात आणि साडेसातला मागच्या रांगा रिकाम्या होऊ लागतात. त्यात वक्त्याचंही नुकसान होतं, कारण त्या गावात त्याला पुन्हा कुणी बोलावत नाही. ज्यांना मी ऐकलेलं नाही त्यांचं नाव द्यायचंच असेल तर तसं सांगून देते: ‘यांचं काम चांगलं आहे, बोलताना मी ऐकलेलं नाही, तुम्ही आधी फोनवर बोलून बघा.’

मग त्यांना फोन केला. सगळ्यात जास्त घाई होते ती इथेच. कुणाला न विचारता त्याचा नंबर आयोजकाला देऊन टाकणं हे उपकाराच्या थाटात केलं जातं, पण त्यात त्या माणसाची कोंडी होते. त्याला थेट कार्यवाहांचा फोन येतो, ‘अमक्या मॅडमनी तुमचं नाव सांगितलंय’, आणि आता नाही म्हणायचं म्हणजे दोघांना नाही म्हणायचं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते अशा वेळी पटतं. माझा फोन हा त्यांना मोकळेपणाने नाही म्हणता यावं यासाठीच असतो.

‘ताई, एक विचारायचंय. होकार द्याच असं अजिबात नाही,’ मी सुरुवात अशी केली. गाव, तारीख, विषय, श्रोते किती आणि कोण, वेळ किती, सगळं सांगितलं. आमंत्रण आधी मला आलं होतं हेही सांगितलं. ते लपवण्यात अर्थ नसतो, कुठून ना कुठून कळतंच, आणि मग वाईट वाटतं ते लपवल्याचं.

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, ‘मी काय बोलणार एवढ्या लोकांसमोर? तुम्ही मोठी माणसं. मी बादल्या मोजते.’

‘तेच सांगायचंय तिथे. त्यांच्या सड्याखाली झरे आहेत आणि ते कुणी मोजलेले नाहीत.’

‘प्रोजेक्टर असेल का? फोटो दाखवले तर मला सोपं जाईल.’

हा प्रश्न आला आणि मला कळलं की त्यांच्या मनात व्याख्यान सुरू झालंय. तरी मी उत्तर तिथल्या तिथे मागितलं नाही. ‘रात्रभर विचार करा, सकाळी सांगा,’ म्हटलं. सकाळी त्यांचा निरोप आला: बोलेन, पण विषयाचं नाव बदला. पाणीटंचाई आणि उपाय हे फार मोठं होतं. मला झऱ्यांवर बोलू दे. आणि रात्री घरी पोचता आलं पाहिजे, सासूबाई एकट्या असतात. नंबर द्यायला हरकत नाही.

त्यानंतर कार्यवाहांना जे लिहिलं ते इथे जसंच्या तसं देते. नावं तेवढी काढली आहेत.

‘आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. व्याख्यानमालेच्या चौथ्या पुष्पासाठी माझी आठवण ठेवलीत, मनापासून आभार. काल फोनवर सांगितल्याप्रमाणे मी हे व्याख्यान देऊ शकणार नाही. माझं काम काळ्या खडकाच्या प्रदेशातल्या विहिरींवर आहे. आपल्या भागात जांभा आहे आणि तिथल्या पाण्याची चाल वेगळी आहे. श्रोत्यांच्या प्रश्नांना मी नीट न्याय देऊ शकणार नाही.

‘या विषयासाठी मी प्रा. … यांचं नाव सुचवते. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या वाड्यांमधले झरे मोजतात. कोणते झरे मे महिन्यात टिकतात आणि का, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे. मी त्यांना बोलताना ऐकलं आहे. सोप्या भाषेत बोलतात, पन्नास मिनिटांत विषय पूर्ण करतात आणि प्रश्नांना चांगली उत्तरं देतात. त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे, नंबर देण्यास त्यांची संमती आहे. त्यांना प्रोजेक्टर लागेल, आणि कार्यक्रमानंतर घरी परतण्यासाठी गाडीची सोय लागेल. विषय झऱ्यांपुरता ठेवावा अशी त्यांची सूचना आहे, ती मलाही योग्य वाटते. रीतसर आमंत्रण आपण समितीतर्फे त्यांना स्वतंत्रपणे द्यावं ही विनंती. निर्णय अर्थातच समितीचा.’

यात एकच नाव आहे. तीन नावं दिली की आयोजकाला निवड मिळते असं वाटतं, प्रत्यक्षात तिघांनाही फोन जातात, ‘तुम्ही मोकळे आहात का’ एवढंच विचारलं जातं आणि दोघांना पुढे काहीच कळवलं जात नाही. मी तिघांना विचारून ठेवलेलं असेल तर त्यातल्या दोघांपुढे माझा शब्द हलका होतो. एकाने नाही म्हटलं तर मी दुसरं नाव देते, पण एका वेळी एकच.

दुसरं, ‘पुढच्या वेळी नक्की येईन’ हे वाक्य पत्रात नाही. तसा शब्द दिला की वाचनालयाच्या वहीत पुढच्या वर्षासाठी त्याची नोंद होते, आणि जो वक्ता यंदा जातो तो मधल्या काळापुरता राहतो. मराठवाड्यातल्या विहिरींवर ऐकायचं असेल तेव्हा त्यांनी मला बोलवावं. तो नवा विषय, नवं आमंत्रण.

कार्यवाहांचा फोन त्याच रात्री आला. आवाजात अडचण होती. समितीची हरकत नव्हती, पण पुष्पाचा खर्च उचलणाऱ्या मुलाला ‘पुण्याचं नाव’ हवं होतं. पत्रिका मुंबईच्या नातेवाइकांना जाणार, तिथे वजन पडायला हवं. ‘आपल्याच भागातली बाई म्हटल्यावर तो जरा नाराज झाला. शिवाय मानधनाचं काय करायचं? तुमच्यासाठी आम्ही जेवढं धरलं होतं...’ वाक्य अर्धवट राहिलं. ते कसं पूर्ण होणार हे मला माहीत होतं. स्थानिक वक्त्याला शाल, श्रीफळ आणि पुस्तक. पुण्याहून येणाऱ्याला पाकीट.

इथे सुचवणाऱ्याने गप्प बसू नये असं मला ठामपणे वाटतं. आपण नाव दिलं, आता ते आणि त्यांचं नशीब, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मानधनाचा आकडा फक्त दोघांनाच माहीत असतो, आयोजकाला आणि ज्याने नकार दिला त्याला. नव्या वक्त्याला तो कधीच कळत नाही. म्हणून तो जपण्याची जबाबदारी नकार देणाऱ्यावर येते. मी म्हटलं, ‘सर, माझ्यासाठी जे धरलं होतं तेच त्यांना द्या. माझा प्रवास आणि मुक्काम वाचला, त्यात त्यांची गाडी होऊन जाईल. तयारी त्यांची माझ्यापेक्षा जास्त आहे. आणि त्या मुलाशी मी बोलू का?’

बोलले. तो रागावलेला नव्हता. आईच्या नावाचा दिवस साधासुधा होऊ नये इतकीच त्याची काळजी होती, आणि ती समजण्यासारखी होती. मी त्याला वाडीबद्दल विचारलं. झरा वरच्या अंगाला होता, पूर्वी मे अखेरपर्यंत वाहायचा, आता होळीनंतर धार बारीक होते, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मी आले तर बीडच्या विहिरींचे फोटो दाखवीन. त्या बाई आल्या तर तुमचा झरा मोजून सांगतील. थोडा वेळ तो काही बोलला नाही, मग त्याने विचारलं, ‘व्याख्यानाच्या आधी त्यांना वाडीवर नेता येईल का?’

त्यानंतर मी बाजूला झाले. हेही जमवावं लागतं. आयोजक सवयीने प्रत्येक गोष्ट विचारत राहतात: पत्रिकेत त्यांच्या नावापुढे काय लिहू, प्रास्ताविक कुणी करावं, गाडी किती वाजता पाठवू. प्रत्येक वेळी माझं उत्तर एकच, ‘त्यांनाच विचारा.’ उत्तर मला माहीत असलं तरीही. मी उत्तरं देत राहिले तर पत्रिकेवर नाव त्यांचं असलं तरी कार्यक्रम माझाच राहतो. प्रास्ताविकात माझा उल्लेख नको एवढं मात्र मी कार्यवाहांना आवर्जून सांगितलं.

परिसंवादाचं गणित थोडं वेगळं असतं. व्याख्यानात विषयाची जागा भरायची असते, परिसंवादात बाजूची. चारजणांच्या मंचावर एक सरकारी अधिकारी, एक अभियंता, एक साखर कारखान्याशी संबंधित माणूस आणि चौथी मी, असं असेल तर माझ्याकडून अपेक्षा असते ती भूजल किती उपसलं जातंय हे बोलण्याची. मी नाही म्हटलं आणि माझ्या जागी आणखी एक अभियंता सुचवला, माणूस कितीही चांगला असला, तरी ती बाजू मंचावरून गेली. म्हणून परिसंवादाला नकार देताना मी आधी विचारते, बाकी तिघं कोण? ते कळल्याशिवाय नाव देत नाही. कित्येकदा असं होतं की माझ्या जागी भूजलशास्त्रज्ञ नकोच असतो, तर ज्या गावाने ठराव करून उसाखालचं क्षेत्र कमी केलं किंवा बोअर घ्यायचं थांबवलं तिथली एखादी शेतकरी बाई हवी असते. तसं नाव दिलं की आयोजक बिचकतात, त्यांना नावामागे पदवी हवी असते. अशा वेळी मी सूत्रसंचालकाला एक वेगळं टिपण पाठवते. त्यांना पहिला प्रश्न कोणता विचारा, आकडेवारी त्यांना विचारू नका, ठराव कसा झाला ते विचारा, आणि पाच मिनिटांनी घंटी वाजवू नका. माणूस नवखा असेल तर त्याचा तासभर सूत्रसंचालकाच्या हातात असतो.

आणि काही नकारांत मी कुणाचंच नाव देत नाही. आयोजनातच मला पटत नाही असं काही असलं, समजा गावची नदी घाण करणाऱ्या उद्योगाच्या पैशातून पर्यावरण दिनाचा सोहळा होत असेल, तर जिथे मला जायचं नाही तिथे मी दुसऱ्याला पाठवणं बरं दिसत नाही. तिथे नकार छोटा असतो आणि पुढचा रकाना कोरा. तसंच, योग्य माणूस माहीतच नसेल तर ‘माझ्या ओळखीत या विषयावर बोलणारं कुणी नाही’ असं सांगते. आयोजकाला ते चालतं. केवळ पत्र भरलेलं दिसावं म्हणून हाताशी असलेल्या विद्यार्थ्याचं नाव पुढे केलं तर त्या विद्यार्थ्याचं पहिलंच व्याख्यान, त्याला न येणाऱ्या विषयावर, अनोळखी गावात होतं. त्यापेक्षा नाव नसलेला नकार बरा.

चौथं पुष्प ठरल्या दिवशी झालं. मी गेले नाही, जायचं मनात होतं तरी. पहिल्या रांगेत मी बसलेली दिसले असते तर वक्त्यांची नजर आणि अध्यक्षांचं भाषण दोन्ही माझ्याकडे वळलं असतं. कार्यवाहांनी दुसऱ्या दिवशी फोन करून सगळं सांगितलं. त्या दुपारीच आल्या होत्या. त्या मुलाबरोबर वाडीवर गेल्या, बादली लावली, वरचा सडा फिरून आल्या. व्याख्यानात त्यांनी पहिला फोटो दाखवला तो त्याच दुपारी काढलेला. प्रश्नोत्तरं इतकी लांबली की आभारप्रदर्शन दोन वाक्यांत आटोपावं लागलं. झऱ्याच्या वरच्या अंगाला जिथे नवा रस्ता कापला आहे तिथेच पाणी फुटून बाजूला जात असावं, असा त्यांचा अंदाज होता, पण मे महिन्याचं मोजमाप घेतल्याशिवाय ठाम सांगणार नाही असं त्या मंचावरून म्हणाल्या.

वाचनालयाने त्यांना मे मध्ये पुन्हा बोलावलं आहे. या वेळचं आमंत्रण व्याख्यानाचं नाही. सकाळी सातला वाडीवर जमायचं, मुलांनी बादल्या आणि मोबाइलमधलं घड्याळ आणायचं, आणि आसपासचे सगळे झरे मोजायचे. पत्राची प्रत त्यांनी मला पाठवली आणि खाली एक ओळ लिहिली: त्या दिवशी मला कॉलेजची परीक्षा आहे, पण तारीख बदलून मागितली तर चालेल ना? मी त्यांना कळवलं की हे कार्यवाहांनाच विचारा.